न सुटणारी मिठी

पाचव्या दिवशी बाळाचा ईएसआर 62 होता. अकराव्या दिवशी तो 8 वर आला, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आजोबांनी सुटकेचा श्वास सोडला. ईएसआर चढला म्हणजे शरीरात कुठंतरी जळजळ चालू आहे आणि उतरला म्हणजे उतार पडला, एवढं आता घरोघरी ठाऊक असतं. पण त्याच कागदावर वरच्या ओळीत हिमोग्लोबिन 9.8 वरून 7.1 वर घसरलेलं होतं. प्लेटलेट 1 लाख 60 हजारांवरून 34 हजारांवर आल्या होत्या. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी 600 उरल्या होत्या. आणि तीन महिन्यांच्या त्या बाळाचा ताप 39 अंशांच्या खाली यायला तयार नव्हता.

हे बाळ कोणा एका घरचं नाही. या आजाराच्या रुग्णांमध्ये जे एकामागून एक घडतं, ते नीट दिसावं म्हणून जुळवलेलं हे उदाहरण आहे. अशा बाळाच्या बाबतीत सहसा होतं तेच इथंही झालेलं: रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही, मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, अँटिबायोटिक दोनदा बदलून झालं. पोट तपासताना डाव्या बरगडीखाली पानथरी चार बोटं हाताला लागत होती. बाराव्या दिवशी कुणाला तरी फेरिटिन तपासावंसं वाटलं. फेरिटिन म्हणजे शरीरातलं लोह साठवणारं प्रथिन. या वयात ते फार तर काही शेकड्यांत असतं. बाळाचं आलं 14,200.

या आजाराचं नाव जिभेला पेलणारं नाही: हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. डॉक्टरही एचएलएच म्हणूनच मोकळे होतात. नाव फोडलं तर अर्थ सरळ आहे. लिम्फोसाइट आणि हिस्टिओसाइट या दोन जातींच्या पेशी बेसुमार माजल्या आहेत आणि त्यांतली दुसरी जात रक्तपेशी गिळत सुटली आहे. हिस्टिओसाइट हे मॅक्रोफेजचं, म्हणजे महाभक्षक पेशीचं जुनं नाव.

रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा सांगितलं जातं की ‘प्रतिकारशक्ती जास्त झाली आहे’. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या बाळाच्या प्रतिकारशक्तीत मुळात एक गोष्ट कमी होती. तिला मारता येत नव्हतं, आणि मारता येत नव्हतं म्हणून थांबता येत नव्हतं. एचएलएचचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. बाकी सगळं त्याची फोड.

मिठी, मारा आणि सुटका

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेरच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, जणू दुकानाच्या दर्शनी फळीवर माल लावावा तसे. आत विषाणू शिरला की त्याच्या प्रथिनांचे तुकडेही या फळीवर येतात. सायटोटॉक्सिक टी पेशी हे तुकडे चाचपत फिरते. तिला आपण मारक पेशी म्हणू. ओळखीचा परका तुकडा सापडला की ती त्या पेशीला घट्ट बिलगते. दोन पेशींची आवरणं कडेकडेने सीलबंद होतात आणि मधे एक चिमुकली बंदिस्त जागा तयार होते.

मारक पेशीच्या पोटात विषाच्या पुड्या तयारच असतात. या पुड्यांना ग्रॅन्यूल म्हणतात. मिठी पडली की पेशीच्या आतले सूक्ष्म रूळ त्या जागेच्या दिशेला वळतात आणि पुड्या त्यांवरून घसरत आवरणापाशी येतात. तिथं त्या आधी खुंटीला अडकतात, मग उघडण्यासाठी सज्ज होतात, आणि शेवटी पुडीचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून आतला ऐवज बाहेर पडतो. या प्रत्येक टप्प्याला वेगळं प्रथिन लागतं, आणि यांतलं एखादं जरी बिघडलं तरी पुढचं सगळं अडतं.

पुडीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. त्या वाटेनं ग्रॅन्झाइम आत शिरतं आणि त्या पेशीचीच आत्मनाशाची यंत्रणा चालू करतं. पेशी फुटून आजूबाजूला घाण करत नाही. ती शिस्तीत आक्रसून मोडून पडते. मिठी आणि पोटात घुसणारी वाघनखं हे चित्र मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच की हे सारं काही मिनिटांत उरकून मारक पेशी सहीसलामत मोकळी होते आणि पुढच्या पेशीकडे वळते. एनके पेशी नावाची आणखी एक फौज जवळपास अशाच पुड्या वापरते.

आता यातली खरी मख्खी. समोरच्या पेशीला बिलगलेली असताना मारक पेशी आणखी एक काम करत असते: ती रासायनिक हाका मारत असते. त्यातली सर्वांत मोठी हाक म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. तिचा अर्थ, ‘इथं शत्रू सापडलाय, सगळे या.’ मिठी आहे तोवर हाक चालू. समोरची पेशी मरायला लागली की तिच्याकडूनच सुटण्याचा इशारा मिळतो, मिठी सुटते आणि हाक बंद होते. म्हणजे मारणं हे नुसतं शत्रूचा काटा काढणं नाही. गजर बंद करण्याचं बटणही तेच आहे.

2015 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींमध्ये पाहिलं. मारण्याची ताकद नसलेल्या मारक पेशी समोरच्या पेशीला नेहमीच्या सुमारे पाचपट वेळ चिकटून राहत होत्या, आणि तेवढा वेळ त्यांच्या आत ‘सापडला, सापडला’ असा संदेश पुन्हा पुन्हा उठत होता. हाकांचा पूर त्यातूनच येत होता.

याशिवाय आणखी एक लगाम आहे. मारक पेशींना मुळात लढाईला उठवतात त्या डेंड्रायटिक पेशी. त्या शत्रूचे तुकडे गोळा करून मारक पेशींना दाखवत बसतात. लढाई रंगात आली की मारक पेशी या दाखवणाऱ्यांनाही टिपतात. दवंडी पिटणाराच गेला की नवी भरती थांबते. मारण्याची ताकद नसेल तर दवंडी चालूच राहते आणि मूठभर मारक पेशींच्या कोट्यवधी होतात. प्रत्येक जण कुणाला तरी मिठी मारून ओरडत असतो आणि कुणालाच काही संपवता येत नसतं.

उंदरांनी दिलेला पुरावा

एडिनबरोचे फार्कर आणि क्लॅरो या दोन डॉक्टरांनी 1952 साली एकाच घरातल्या दोन भावंडांमध्ये हा आजार नोंदवला. तेव्हा दिसलं ते इतकंच की तो घराण्यात उतरतो आणि त्यात पेशी रक्तपेशी गिळतात. नजर खिळली ती साहजिकच गिळणाऱ्या पेशीवर. बिघाड मॅक्रोफेजमध्येच असणार, असं मानणं सोपं होतं. पुढची सत्तेचाळीस वर्षं मूळ सापडलं नाही. 1999 साली काही कुटुंबांत बिघडलेला जनुक हाती आला, आणि तो निघाला परफोरिनचा. मॅक्रोफेजला परफोरिनशी काही देणंघेणं नसतं. खाणाऱ्या पेशीच्या आजाराचं मूळ मारणाऱ्या पेशीत निघालं.

मग 2004 साली मायकेल जॉर्डन (बास्केटबॉलवाले नव्हेत, बालरोगतज्ज्ञ) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परफोरिन नसलेल्या उंदरांना एक साधा विषाणू टोचला. निरोगी उंदीर त्यातून आरामात उठतो. परफोरिन नसलेल्या उंदरांना ताप आला, पानथरी सुजली, तिन्ही जातींच्या रक्तपेशी घटल्या, फेरिटिन चढलं आणि ते मेले. माणसातला एचएलएच जसाच्या तसा उंदरात उतरला.

यानंतरचा भाग निर्णायक होता. काही उंदरांमधून मारक टी पेशीच काढून टाकल्या, तर ते वाचले. म्हणजे ज्या पेशी मारू शकत नव्हत्या त्याच जीव घेत होत्या. इतरांमध्ये वेगवेगळ्या रासायनिक हाका एकेक करून अडवून पाहिल्या. बाकीच्या अडवून फारसं काही साधलं नाही. इंटरफेरॉन-गॅमा अडवलं तेव्हा उंदीर वाचले, विषाणू अंगात असतानाही. त्यांचा जीव विषाणू घेत नव्हता, त्याच्या नावानं न थांबलेली हाक घेत होती.

गिळणाऱ्यांचा उच्छाद

मॅक्रोफेज ही मूळची सफाई कामगार. पानथरीत बसून ती म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळते आणि त्यातलं लोह काढून पुन्हा वापरायला देते. निरोगी माणसात दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी अशा निवृत्त होतात. एखादी मॅक्रोफेज रक्तपेशी खाताना दिसली तर त्यात वावगं काही नाही.

इंटरफेरॉन-गॅमाची हाक कानावर पडली की ही सफाईवाली शिपाई होते. ती फुगते, तिची भूक वाढते आणि ती स्वतःही हाका मारू लागते. हाक दोन-चार दिवसांत थांबली तर शिपाई पुन्हा झाडू हाती घेते. ती थांबलीच नाही तर यकृत, पानथरी, अस्थिमज्जा आणि मेंदूची आवरणंसुद्धा अशा चेतलेल्या मॅक्रोफेजनी भरून जातात. मग म्हातारी-तरणी असा भेद उरत नाही. धडधाकट तांबड्या पेशी, प्लेटलेट, मज्जेत नुकत्या घडत असलेल्या पेशी, जे समोर येईल ते पोटात जातं.

बाराव्या दिवशी बाळाच्या हाडातून मज्जेचा थेंब काढून काचपट्टीवर पसरला. लिशमन रंग देऊन तेलाखालच्या भिंगातून पाहिलं तर पट्टीच्या शेवटच्या कडेला एक भली मोठी फिकट निळसर पेशी होती. तिचं स्वतःचं केंद्रक एका बाजूला दाबलं गेलेलं. पोटात चार गुलाबी तांबड्या पेशी, प्लेटलेटचा जांभळा चुरा, आणि एक गडद गोल ठिपका, म्हणजे अजून जन्मालाही न आलेली तांबडी पेशी. आजाराला नाव मिळालं ते या दृश्यावरून.

आता बाळाच्या कागदावरचा एकेक आकडा वाचता येतो. रक्तपेशी घटल्या, कारण त्या गिळल्या जात होत्या आणि हाकांच्या माऱ्याखाली मज्जा नव्या पेशी धड घडवत नव्हती. फेरिटिन चढलं, कारण चेतलेल्या मॅक्रोफेज ते ओतत होत्या. रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, 390 आली, कारण या रसायनांमुळे चरबी पचवणारं विकर दबतं.

आणि आजोबांना दिलासा देणारा ईएसआर? ईएसआर म्हणजे उभ्या नळीतल्या तांबड्या पेशी पहिल्या तासात किती मिलिमीटर खाली बसतात त्याचं माप. फायब्रिनोजेन नावाचं गोठण्याचं प्रथिन भरपूर असलं की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. साध्या जळजळीत फायब्रिनोजेन वाढतं म्हणून ईएसआर वाढतो. एचएलएचमध्ये मॅक्रोफेज गोठण विरघळवणारी यंत्रणा चाळवतात आणि फायब्रिनोजेन संपत जातं. बाळाचं 92 उरलं होतं. किमान 150 तरी हवं. चळती रचायला गोंदच उरला नाही, म्हणून ईएसआर 8. ताप चढता, रक्तपेशी उतरत्या आणि ईएसआरही उतरता, हा मेळ दिसला की जाणत्या डॉक्टरचे कान टवकारतात.

आठांपैकी पाच

एचएलएच पकडणारी एकच एक तपासणी नाही. म्हणून 2004 साली आठ निकष ठरले, त्यांतले पाच जुळले की निदान. बाळावर ते लावून पाहू. ताप 38.5 च्या वर: होता. पानथरी वाढलेली: होती. तीनपैकी किमान दोन रक्तपेशी घटलेल्या: तिन्ही घटल्या होत्या. ट्रायग्लिसराइड 265 किंवा जास्त, नाहीतर फायब्रिनोजेन 150 किंवा कमी: दोन्ही होतं. फेरिटिन 500 किंवा जास्त: त्याच्या अठ्ठावीसपट होतं. पाच झाले, आणि अजून मज्जेकडे पाहिलंही नव्हतं. उरलेले तीन म्हणजे मज्जेत गिळलेल्या पेशी दिसणं, एनके पेशींचं मारण्याचं बळ कमी असणं, आणि चेतलेल्या टी पेशींनी रक्तात टाकलेलं एक प्रथिन वाढणं. यांतली एनके पेशींची चाचणी 2024 च्या सुधारित यादीतून वगळली आहे.

नेमकी चूक होते ती इथंच. आजाराच्या नावात गिळणं आहे म्हणून ते दिसेपर्यंत थांबलं जातं. पण सुरुवातीच्या दिवसांत मज्जा अगदी नेहमीसारखी दिसू शकते, आणि उलट साध्या जंतुसंसर्गातही एखाददुसरी गिळणारी पेशी सापडते. ती दिसली म्हणून निदान पक्कं होत नाही आणि दिसली नाही म्हणून आजार नाही असंही नाही.

फेरिटिनचंही तारतम्य हवं. लहान मुलात ते 10 हजारांच्या वर गेलं तर एचएलएचचा संशय दाट होतो. पण मोठ्या माणसात यकृताचा आजार, मूत्रपिंड निकामी होणं, वारंवार रक्त चढवणं, गंभीर सेप्सिस यांतही ते हजारांत जाऊ शकतं. आकड्याला ताप, पानथरी आणि घटत्या रक्तपेशींची साथ आहे का, हे पाहावं लागतं.

उघड्यावर पडलेल्या बाळाला केमोथेरपी

उपचार ऐकून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. न्यूट्रोफिल 600 उरलेल्या बाळाला डॉक्टर इटोपोसाइड द्यायचं म्हणतात, जे कॅन्सरचं औषध आहे आणि जे रक्तपेशी आणखी पाडू शकतं. अनेकदा डॉक्टरच कचरतात: ‘आधी काउंट वर येऊ दे, मग बघू.’ पण काउंट पाडणारा आजार चालू असताना काउंट वर येणार कसे? वाट पाहण्यातच बाळ हातचं जातं. उपचाराविना घराण्यातला एचएलएच बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत जीव घेतो.

इटोपोसाइड इथं का चालतं, याचं उत्तर पुन्हा त्या मिठीत आहे. हे औषध भराभर दुभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं, आणि या घटकेला शरीरात सर्वांत वेगानं दुभागत असतात त्या चेतलेल्या मारक पेशी. शांत बसलेल्या टी पेशींना ते बरंचसं सोडून देतं. जो गजर बंद होत नाही, त्याच्या घंटा वाजवणारेच कमी करण्याचा हा मार्ग आहे. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, कारण ते मेंदूतही पोचतं आणि या आजारात मेंदू वाचवणं महत्त्वाचं असतं. आकडी आली, बाळ गुंगीत गेलं तर पाठीतून पाणी काढून तपासलं जातं आणि गरजेप्रमाणे औषध तिथूनही दिलं जातं.

1994 साली आखलेल्या या आठ आठवड्यांच्या उपचारक्रमानं आणि त्यानंतरच्या मज्जारोपणानं निम्म्याहून थोडी अधिक मुलं, 54 टक्के, पाच वर्षांनंतर हयात राहिली. उंदरांवरच्या प्रयोगाचा धागा पकडून इंटरफेरॉन-गॅमालाच पकडून ठेवणारं एमापालुमॅब हे प्रतिपिंड तयार झालं. पहिले उपचार थकलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेनं 2018 साली त्याला परवानगी दिली.

आपल्या बाळाचा ताप चौथ्या दिवशी उतरला. दोन आठवड्यांनी फेरिटिन 2,900 वर आलं आणि प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या. पण हे शांत होणं उसनं होतं. पुढचा विषाणू आला की तीच मिठी पुन्हा पडणार.

रिकामी पुडी की अडकलेली पुडी

मूळ कुठं आहे ते शोधायला फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा तपासण्या करते. जिवंत पेशी लागतात म्हणून नमुना ताजा पोचावा लागतो. यात दोन साधे प्रश्न विचारलेले असतात. पहिला: पुडीत परफोरिन आहे का? दुसरा: पुडी उघडते का? पुडीच्या आतल्या अस्तरावर सीडी107ए नावाची खूण असते. पुडी पेशीच्या आवरणात मिसळली की ती खूण बाहेर दिसू लागते.

बाळाच्या पुड्या व्यवस्थित उघडत होत्या, पण परफोरिन जवळजवळ शून्य होतं. म्हणजे पुडी रिकामी. परफोरिन भरपूर आणि खूण मात्र बाहेर येत नाही, असं उलट दिसलं असतं तर पुडी वाटेत अडकली असं ठरलं असतं, आणि मग पुडी सज्ज करणाऱ्या किंवा मिसळवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांकडे बोट गेलं असतं. पुडी खुंटीला अडकवणारं एक प्रथिन तर केसांच्या रंगाचे कण वाहायलाही लागतं. ते बिघडलं की बाळाचे केस जन्मतःच रुपेरी असतात. अशा बाळाचे केस पाहूनच सावध झालेले डॉक्टर आहेत.

जनुकतपासणीत परफोरिनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोघं आते-मामे भावंडं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल अनेक समाजांत आहे, आणि एकाच आजोबांकडून उतरलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता त्यानं वाढते. आई-वडिलांची एकेक प्रत चांगली, म्हणून ते ठणठणीत. त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता मात्र चारात एक. नात्यात लग्न नसलेल्या घरांतही हा आजार होतो, हेही तितकंच खरं.

कायमचा इलाज मज्जारोपण. बाळाच्या पाच वर्षांच्या बहिणीचा टिश्यू जुळला. जुळला तरी तिच्या परफोरिनची तपासणी आधी करावी लागली, नाहीतर तोच आजार अंगात घेऊन अजून न उमटलेली भावंडंच दाता व्हायची. तिची एक प्रत चांगली निघाली, तेवढं पुरतं. वर्षभरानं बाळाच्या रक्तात ताईच्या पेशी होत्या 35 टक्केच. बाकी अजून त्याच्या स्वतःच्याच, रिकाम्या पुड्यांच्या. तरी आजार परतला नाही. अनुभव असा आहे की दात्याच्या पेशी 20 ते 30 टक्के टिकल्या तरी बहुधा संरक्षण मिळतं. बिघाड जर ‘जास्त प्रतिकारशक्ती’ एवढाच असता, तर 65 टक्के जुन्या पेशींनी पुन्हा उच्छाद मांडला असता. थोड्याच पेशींना मारता आलं, दवंडीवाले टिपता आले, की बाकीच्यांचा गजरही बंद होतो.

मोठ्यांमध्ये

मोठ्या माणसात बहुतेक वेळा असा जन्मजात बिघाड नसतो. संसर्ग, कॅन्सर किंवा संधिवाताच्या जातीचा आजार हाकांचा इतका पूर आणतो की धड असलेली मारक यंत्रणाही पुरी पडत नाही. आपल्याकडे डेंग्यू, क्षय, एपस्टाइन-बार विषाणू आणि स्क्रब टायफस ही नेहमीची निमित्तं. 2018 साली नागपूर आणि विदर्भात पसरलेला स्क्रब टायफस शेतातल्या, गवतातल्या बारीक कोळीकिड्यांच्या चाव्यानं होतो. अशा रुग्णात काखेत, जांघेत काळी खपली शोधावी लागते. ती सापडली तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीनं मूळ आजारासोबत एचएलएचही बऱ्याचदा निवळतो, केमोथेरपीची वेळच येत नाही. विझवायचं काय, हे इथं निमित्तावरून ठरतं.

लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, हे प्रौढांतलं सर्वांत फसवं निमित्त. स्टेरॉइडनं तो तात्पुरता विरघळतो आणि नंतर गाठीचा तुकडा तपासला तरी काही दिसत नाही. म्हणून रुग्णाची प्रकृती तेवढा अवधी देत असेल तर तुकडा आधी, स्टेरॉइड नंतर.

एचएलएच एका कागदावर सहसा ओळखू येत नाही. पहिल्या दिवशीचं त्या बाळाचं रक्त कुठल्याही तापाच्या बाळासारखंच होतं; आजार दिसला तो पाचव्या आणि अकराव्या दिवसाच्या मधल्या उतारात. तेव्हा आठवडाभराहून जास्त ताप हटत नसेल तर सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाखाली एक लावून ठेवा आणि नव्या डॉक्टरपुढे तेच ठेवा. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकत्र उतरताना दिसल्या, पोटात पानथरी लागली, तर फेरिटिन करायचं का, एवढं विचारा. साध्या रक्ताच्या नमुन्यावर होणारी ती तपासणी आहे. आणि त्या उतारात ईएसआरही खाली आलेला दिसला, तर त्याचा आनंद मानू नका. तो डॉक्टरांना दाखवा.